कोऱ्या चौकटीतलं ओके

अजिनाथला नाही म्हणता येत नव्हतं. हा काही आजार नव्हे, पण औषधही नव्हे, आणि माणसाचं वाटोळं करायला तेवढं पुरतं. कुणी काही विचारलं की याचं उत्तर ठरलेलं, "बसंल की." पत्रा असो, टेम्पोत चढवायचा माल असो, की पाव्हण्याच्या लग्नातला मंडप असो. आधी "बसंल" म्हणायचं आणि मग घाम गाळत ते बसवायचं.

हे त्याच्या घरातूनच आलं होतं. गाव तिसगाव, पाथर्डी तालुका. सहादेव आणि रंगुबाई, म्हणजे त्याचे आईबाप, उभी हयात ऊसतोडीला गेले. मुकादमाला नाही म्हणणारा कोयता पुढच्या साली टोळीत नसतो, हे अजिनाथ चालायला लागायच्या आधी शिकला. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, बरं का. माणसं मोजायची ती हत्यारावरून. उसाच्या शेंड्यांच्या, म्हणजे वाढ्यांच्या, भाऱ्यावर बसून तो मोठा झाला, आयटीआयपर्यंत कसाबसा पोचला आणि नगरच्या एमआयडीसीत रविराजशेठच्या शेडमध्ये बेंडिंग मशीनवर उभा राहिला. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

अकरा वर्षं म्हटलं की वाटतं, चांगला जम बसला असेल. कसला जम! तो ठेकेदाराच्या वहीतला माणूस. सात महिने भरले की कामावरून कमी, मग चार-पाच महिने वाट बघ, मग पुन्हा नवा म्हणून भरती. आणि ते कमी होणं नेमकं दसऱ्याच्या तोंडावर यायचं. रिकामा बसून करणार काय? तो आणि सविता, त्याची बायको, दोघं कोयता म्हणून निघायचे. पोरगी संस्कृती आजीजवळ. म्हणजे हा गडी वर्षातले सात महिने लोखंड वाकवायचा आणि उरलेले महिने स्वतः वाकायचा.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. शेठने ऑगस्टात शब्द दिला होता. "अजिनाथ, ऑक्टोबरच्या एक तारखेपासून तुला सेटर करतो. कंपनीच्या पटावर. कायम." सेटर म्हणजे मशीन लावून देणारा, नुसत्या चालवणाऱ्याच्या वरचा. सवितानं ही बातमी तिसगावात दोन दिवसांत घरोघर पोचवली. एमआयडीसीला लागून असलेल्या नागापुरात दोन खोल्या बघून ठेवल्या, संस्कृतीच्या शाळेची चौकशी केली, आणि मुकादम वैजनाथ दारात आला तेव्हा त्याला उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं, "औंदा आमचा कोयता धरू नका." हे सांगताना तिला जे सुख झालं असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

आता त्या मशीनविषयी दोन शब्द सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. खाली लांबलचक लोखंडी डाय असते, तिच्यात व्ही आकाराची खाच. पत्रा त्या खाचेच्या दोन काठांवर आडवा ठेवायचा. वरून सुरीसारखा पंच उतरतो आणि पत्रा खाचेत दाबतो. तळाला टेकवायचा नाही, मधल्यामध्येच पाहिजे त्या कोनात वाकवायचा. सगळी कला खाच निवडण्यात. खाचेचं तोंड पत्र्याच्या जाडीच्या आठपट, हा साधा हिशेब. दोन एमएमला सोळाची व्ही, चारला बत्तीसची. आणि जी कड दुमडायची, तिला फ्लँज म्हणतात, ती त्या तोंडाच्या दहा भागांत किमान सात भाग पाहिजे. बत्तीसच्या व्हीला साडेबावीस-तेवीस. त्याहून आखूड असली तर कड काठावर टिकतच नाही, खाचेत घसरते. खाच अरुंद घ्यावी तर आखूड कड बसते, पण जोर भलताच लागतो, आणि तो जोर लांबीच्या प्रत्येक मीटरमागे लागतो. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा. अजिनाथनं ठेवलं नाही.

मशीनच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला होता. डावीकडे जाडी, वर व्ही, आणि प्रत्येक चौकटीत किमान फ्लँज आणि मीटरमागे किती टन ते. चार एमएमच्या ओळीत बत्तीसच्या व्हीखाली आकडे होते, पंचवीसच्या व्हीखालीही होते. वीसच्या व्हीखालची चौकट कोरी होती.

ऑगस्टातच शेठ एक काम घेऊन आला होता. विजेच्या पॅनेलच्या कपाटाखाली घालायची बैठकपट्टी. चार एमएमचा पत्रा, दोन्ही बाजूंना पंचवीसची फ्लँज. सरळ काम, बत्तीसची व्ही लावा आणि मोकळे व्हा. पण शेठच्या डोक्यात किडा वळवळला. फ्लँज पंधराची केली तर एका शीटमधून नऊऐवजी दहा पट्ट्या निघत होत्या.

"अजिनाथ, पंधरा बसेल का?"

"बसंल की!"

लांबी किती, हे विचारायचं तोंडातही आलं नाही. शेठनं वीतभर नमुना मागितला, अडीचशे एमएमचा. यानं वीसची व्ही चढवली, मशीन जरा कण्हलं आणि तुकडा काटकोनात बाहेर आला. झकास. कोन बरोबर, कुठं भेग नाही. शेठनं पाठ थोपटली. आणि आमचा शहाणा! त्यानं मार्कर काढला आणि त्या कोऱ्या चौकटीत ठळक लिहिलं, "ओके – अजिनाथ." शेठनं त्या तक्त्याचा फोटो काढून गिऱ्हाइकाकडं पाठवला. त्याच संध्याकाळी सेटरचा शब्द मिळाला.

सप्टेंबरच्या विसाव्या तारखेला लेझरवर कापलेल्या एकशे ऐंशी पट्ट्या टेम्पोतून उतरल्या. अजिनाथ उतरवून घ्यायला गेला. पट्टी त्याच्याहून लांब होती. टेप लावला. दोन हजार चारशे.

तो मशीनकडं आला आणि बोटांवर मोजायला लागला. वीसच्या व्हीत चारचा पत्रा म्हणजे मीटरमागे पासष्टएक टन. अडीचशेच्या तुकड्याला सोळा-सतरा टन लागले, म्हणून तर झकास निघाला. दोन मीटर चारशेला? दीडशेच्या वर. मशीन शंभर टनांचं. त्यानं पुन्हा मोजलं. आकडा काही त्याच्यावर दया करेना.

"काय झालं रं?" कानिफनाथनं विचारलं. कानिफनाना म्हणजे पन्नाशीतला माणूस, लांब पत्रा समोरून तोलून धरायचं काम त्याचं. आकडेमोडीच्या भानगडीत तो पडत नसे. अजिनाथ म्हणेल तिथं उभा राहायचा.

"काय न्हाई नाना. जरा बगतो."

बघण्यात तो दिवस गेला आणि दुसराही गेला. खरं तर तेव्हाच सांगायचं होतं. पण सांगायचं कुणाला? शेठला सांगावं तर सेटरचा शब्द गेला. न सांगावं तर बाविसाव्या तारखेला दुपारी तीनला गिऱ्हाइकाकडच्या सुकन्या मॅडम पहिला नग तपासायला येणार होत्या. घरून सविताचा फोन यायचा, "खोलीवाल्याला हो म्हनू का?" आणि हा म्हणायचा, "म्हन की." म्हणजे जिकडून सुटायचं तिकडचंही दार यानं स्वतःच लावून घेतलं. असल्या माणसाला काय म्हणावं!

बाविसाव्याला सकाळी शेठ मशीनपाशी येऊन उभा राहिला. "चल, काढ पहिला."

अजिनाथनं वीसची व्ही लावली. त्यानं आणि कानिफनानानं पट्टी काठांवर ठेवली. पायाचं पेडल दाबलं. पंच खाली आला, पत्र्याला टेकला, पत्रा जेमतेम खचला, आणि पंप घुसमटल्यासारखा ओरडायला लागला. दाबाचा काटा शंभरावर जाऊन चिकटला. पंच जागचा हलेना. अजिनाथनं पाय काढला. पट्टी बाहेर काढली तर नुसती पसरट परातीसारखी वाकलेली. काटकोनाचं नाव नको.

"दाब वाढव," शेठ म्हणाला.

"शेठ, त्यो व्हॉल्व शंभरावर बांदलेला हाय."

"बांधलेला सोड की मग. तुझ्याकडं ॲलन की आहे ना?"

होती. ती षटकोनी किल्ली खिशातच होती. अजिनाथचा हात तिच्यावर गेलाही. त्याला पुढं कानिफनाना दिसला, डायच्या बरोबर समोर, छाती डायच्या उंचीला, दोन्ही हात पट्टीखाली. ही डाय पोलादी होती खरी, पण असल्या बोजाखाली तडकली तर तुकडा कुठं उडेल हे ती विचारून उडवणार नव्हती. नाना त्याच्याकडं बघून म्हणाला, "तू म्हनशील तसं बाबा." आणि पाय रोवून उभा राहिला. बस्स, तेवढं बोलला. अजिनाथला वाटलं, यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"न्हाई शेठ. डाय फुटंल."

"मग मोठी व्ही लाव! बत्तीसची लाव, तिला जोर कमी लागतो म्हणतोस ना?"

शेठ चुकत नव्हता. बत्तीसच्या व्हीत हीच लांबी ऐंशी-ब्याऐंशी टनांत वाकली असती. अजिनाथनं डाय बदलली, मागचा गेज, म्हणजे पत्रा टेकवायची आडकाठी, लावला आणि शेठला बोटानं दाखवलं. बाहेरून पंधरा पाहिजे तर वाकायची रेघ कडेपासून साडेअकरावर. आणि खाचेच्या मधोमधपासून काठ सोळावर. म्हणजे कड काठाच्या अलीकडंच, अधांतरी. पट्टी ठेवली तशी तिची कड डुबकन खाचेत उतरली.

"वीसच्या व्हीत कड बसती, मशीन बसत न्हाई. बत्तीसच्या व्हीत मशीन बसतंय, कड बसत न्हाई," अजिनाथ म्हणाला. दोन डायांच्या मधे तोच उभा असल्यासारखं त्याला झालं.

"पंचवीसची?"

"काठ साडेबारावर शेठ. एक एमएमनं हुकतंय. आन् किमान अठरा पायजे."

शेठनं घाम पुसला. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेला मालक काय करतो ते सांगायला नको. त्यानं अजिनाथला बाजूला घेतलं. "हे बघ. मॅडमना सांगायचं, पत्रा कडक आलाय. लेझरवाल्यानं दुसराच माल मारला. तू मशीनवरचा माणूस, तुझं ऐकतील. तोवर मी मोठ्या मशीनवाल्याकडं चौकशी करतो. आणि एक तारीख लक्षात आहे ना तुझ्या?"

"व्हय," अजिनाथ म्हणाला. झालं! पुन्हा व्हय.

तीनला सुकन्या मॅडम आल्या. वय फार तर सत्तावीस, पायात सेफ्टी बूट, बोलणं मोजकं. त्यांनी परातीसारखी पट्टी बघितली आणि विचारलं, "हे काय आहे?"

शेठनं अजिनाथकडं बघितलं. अजिनाथ म्हणाला, "मॅडम, पत्रा..."

मॅडमनी मोबाईल पुढं धरला. त्यावर तक्त्याचा फोटो होता. कोऱ्या चौकटीतलं मार्करचं अक्षर, खाली नाव. "हे तुम्हीच लिहिलंय ना? यावर विश्वास ठेवून मी ड्रॉइंग बदललं. माझी सही आहे त्यावर. पत्र्याला काय झालंय?"

एक तारीख, दोन खोल्या, संस्कृतीची शाळा, मुकादमाला उंबऱ्यावरून परत पाठवणारी सविता, सगळं एकदम त्याच्या छातीवर येऊन बसलं. "पत्रा कडक हाय" एवढं म्हटलं की सुटका. लेझरवाला कुठला कोण, त्याला थोडंच तोंड दाखवायचं होतं? पण त्या पोरीचीही सही होती. ती त्याच्या अक्षरावर विसंबून केलेली होती.

"पत्र्याला काय न्हाई झालं, मॅडम," तो म्हणाला. "पत्रा चांगला हाय. मी चुकलो. नमुना वीतभर हुता, म्हनून निगाला. लांबी मी इचारलीच न्हाई. ही चौकट कोरी हुती ती उगंच नव्हती. पंधरा या मशीनवर बसत न्हाई."

शेठनं डोळे मिटून घेतले.

"मग काय बसतं?" मॅडमचा आवाज चढला होता. "एकशे ऐंशी पट्ट्या कापून झाल्यात हो!"

"दाकवतो."

त्यानं कानिफनानाला हाक मारली. दोघांनी कोपऱ्यातल्या शीटमधून एकशे पस्तीस रुंदीची पट्टी शिअरवर, म्हणजे पत्रा कापायच्या मशीनवर, कापली, पूर्ण लांबीची. गेज एकवीसवर. बत्तीसची व्ही लागलेलीच होती. पट्टीची कड काठाच्या पलीकडं पाच एमएम निवांत टेकली. पेडल दाबलं. पंप न कुरकुरता चालला, काटा ऐंशीच्या आसपास घुटमळला आणि पट्टी नानाच्या हातांबरोबर वर आली. पलटून दुसरी कड केली. मॅडमनी कोनमापक लावला, दोन्ही टोकांना आणि मधे. नव्वद, नव्वद, नव्वदला अर्धा अंश कमी. फ्लँज पंचवीस.

त्यांनी कोनमापक खिशात घातला. मग म्हणाल्या, "पंचवीसच करा. मूळ ड्रॉइंग तेच होतं. नवीन शीट मागवते. मला ऑफिसात काय ऐकावं लागेल ते माझं मी बघीन." जाताना थांबल्या. "हे महिन्याआधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

"व्हय मॅडम," अजिनाथ म्हणाला. या खेपेचं व्हय खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

काम टिकलं. तुम्हाला वाटेल, मग शेठनं याला मिठी मारली असेल. कशाला मारील! त्यानं संध्याकाळी एवढंच सांगितलं, "सेटरचं पुढच्या साली बघू." आवाजही चढवला नाही. त्या एकशे ऐंशी पट्ट्या मशीनशेजारीच रचून ठेवल्या, आणि सात महिने भरेपर्यंत अजिनाथ रोज त्यांच्याकडं बघत पंचवीसची फ्लँज काढत राहिला. तक्त्यावरचं अक्षर त्यानं थिनरनं पुसायचा प्रयत्न केला. पुसलं नाही. मग त्यानं ओकेच्या पुढं बारीक अक्षरात लिहिलं, "अडीचशे लांबीला. पुढं नाही."

सवितानं चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी बोलली ती फोनवर रडतच. "खरं बोलायला तुमाला हाच मुहूर्त गावला का?" खोलीवाल्याला नाही सांगितलं. वैजनाथ मुकादमाकडं निरोपही तिलाच धाडावा लागला, आणि ज्या उंबऱ्यावरून तिनं त्याला परतवलं होतं त्याच उंबऱ्याच्या आत बसवून चहा द्यावा लागला.

दसरा झाला. ऊसतोडीच्या तळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या. पहिल्याच दिवशी वैजनाथ मोटारसायकलवरून आला, बांधावर पाय टेकवून समोरच्या उसाकडं हात केला आणि म्हणाला, "अजिनाथ, ह्यो फड तुमच्या दोन कोयत्यांचा. चार दिसात उरकंल न्हवं?"

सहादेव असता तर व्हय म्हणून कोयता उचलला असता. शेजारच्या कोयत्याचा गडी तेच म्हणायला तोंड उघडतही होता. सवितानं पदर कमरेला खोचला आणि खाली बघत उभी राहिली.

"लांबी किती हाय?" अजिनाथनं विचारलं.

"आँ?"

"फडाची लांबी. हितनं दिसतोय त्यो एवडाच, का पल्याड वड्यापत्तूर जातोय?"

वैजनाथचं तोंड कडू झालं. एवढ्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. "तुला काय करायचंय लांबीशी? तोडनार का न्हाई, तेवडं बोल."

अजिनाथ उत्तर देणार, तेवढ्यात सविता पुढं झाली. महिनाभरात पहिल्यांदाच ती नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"ह्ये इचारत्यात ते आधी सांगा," ती म्हणाली. "मग आमी बोलतो."